परिच्छेद एकसष्ट

सरकारी वकील विभूतिशंकर दुबे मोठा वार करायच्या आधी घसा खाकरत नसत, उलट आवाज आणखी मऊ करत. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांचा आवाज इतका मऊ झाला की न्यायमूर्ती शैलबाला चंद्राकर यांनी मान वर करून पाहिलं.

"माय लॉर्ड, एकच निकाल दाखवतो आणि बसतो. बिसाहू निषादच्या फाशीला पुष्टी द्यावी की नाही यावर तीन दिवस आपला वेळ घेतला. पण उत्तर याच राज्यात लिहून ठेवलेलं आहे. सोनसाय मरकाम खटला, भोथीडीह सत्र न्यायालय, २०१६. तिथेही घरगडी. तिथेही मालक, मालकीण आणि मालकाची म्हातारी आई. तिथेही टंगिया, म्हणजे कुऱ्हाडच, तिथेही कपाटातले दागिने. सत्र न्यायाधीशांनी फाशी दिली. हायकोर्टाने कायम केली. वरची दारं वाजवून झाली, आता दयेचा अर्ज राष्ट्रपतींकडे आहे." मग नुकतंच आठवल्यासारखं करून ते म्हणाले, "सत्र न्यायाधीश होत्या न्यायमूर्ती चंद्राकर, आणि पुष्टी देणाऱ्या खंडपीठात न्यायमूर्ती पाणिग्रही होते."

कोर्टात कोणीतरी हसू दाबलं. अध्यक्षस्थानी बसलेल्या अवधेश पाणिग्रहींनी चष्मा काढून पुसला. निवृत्तीला त्यांना चौदा महिने उरले होते, त्यामुळे त्यांना सहसा कशाचा राग येत नसे.

"म्हणजे दुबेजी, आमचीच काठी आमच्याच पाठीत?"

"छे छे, माय लॉर्ड. आपलीच काठी आपल्याच हातात देतोय. समान गुन्ह्याला समान शिक्षा, एवढंच मागणं."

बिसाहूच्या वतीने उभ्या होत्या ज्योत्स्ना तिर्की. कायदेविषयक मदतीच्या वकील, अंगात जुना कोट, हातात खुणांच्या चिठ्ठ्या लावलेली फाईल. जशपूरच्या उरांव आदिवासी घरातली ही बाई बोलताना एकही शब्द वाया घालवत नसे, आणि त्यामुळे लांबलचक बोलणाऱ्या वकिलांमध्ये ती जरा उद्धटच ठरलेली होती.

"यावर उत्तर द्यायचंय?" पाणिग्रहींनी विचारलं.

"सोनसायचा निकाल मी वाचलाय," ती म्हणाली. "माझी एकच विनंती. निकाल लिहिण्याआधी न्यायमूर्तींनी त्यातला परिच्छेद एकसष्ट एकदा वाचावा."

"त्यात काय आहे?"

"तो न्यायमूर्तींनी स्वतःच वाचलेला बरा."

आणि ती बसली. शैलबालांना राग आला. स्वतःचा निकाल आपल्याला कोणीतरी वाचायला सांगतं म्हणजे काय! त्यांनी वहीत '६१' लिहिलं, आणि त्याखाली रेघ इतकी जोरात ओढली की कागद फाटला. भोथीडीहच्या खटल्याचा मूळ अभिलेख मागवण्याचा आदेश देऊन खंडपीठाने निकाल राखून ठेवला.

बिसाहूचं प्रकरण तसं चोख तयार झालेलं होतं. २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की फाशीचा प्रश्न असेल तेव्हा गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही बघायचा, आणि तो बघायचा म्हणजे नुसता पिंजऱ्यात बघायचा नाही. परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल हवा, तुरुंगातल्या वर्तणुकीचा हवा, मानसशास्त्रज्ञाचा हवा. बिसाहूच्या बाबतीत पहिला अहवाल आला तोच मुळी गमतीचा. परिवीक्षा अधिकाऱ्याने आपला नेहमीचा छापील तक्ता भरून पाठवला होता, किरकोळ चोराला चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडताना वापरतात तो. 'गावकरी आरोपीस परत घेण्यास तयार आहेत काय?' समोर लिहिलं होतं: 'नाहीत. सरपंचांचे मत : मुळीच सोडू नये.' पाणिग्रहींनी भर कोर्टात विचारलं होतं, "याला सोडायचंय असं कोण म्हणतंय? जगवायचं का, एवढंच विचारलंय!" मग अधिकारी पुन्हा गेला आणि गावात तीन दिवस राहिला. बिसाहूचा बाप वीटभट्टीवर मेला, आठव्या वर्षापासून पोरगा राइस मिलमध्ये कोंड्याची पोती ओढत होता, चौदाव्या वर्षी पट्ट्यात सापडून डोक्याला मार लागला, हे सगळं दुसऱ्या अहवालात आलं. तुरुंगात तो हातमागावर बसायला शिकला होता. एकच तक्रार नोंदलेली, ती बिडीची.

शैलबालांचं मन बनलेलं होतं. फाशी काढायची, पण नुसती जन्मठेप नाही. पंचवीस वर्षं कुठलीही सूट नसलेली जन्मठेप. २००८ पासून ही मधली वाट उपलब्ध आहे. दुबेंनी ती काठी फिरवली नसती तर निकाल एव्हाना टाइपही झाला असता.

दोन दिवसांनी रविवार होता. बंगल्याच्या मागच्या ओसरीत उन्हाला बसून त्यांनी सोनसाय मरकामचा निकाल उघडला. समोर तांदळाच्या पिठाचा वाफवलेला फरा आणि टोमॅटोची चटणी होती, नवरा धमतरीला लग्नाला गेला होता, घरात शांतता होती.

पहिली चाळीस पानं त्यांनी वाचली ती जराशा अभिमानानेच. खोटं कशाला बोला! साक्षी कशा नीट मांडल्या होत्या, दागिन्यांच्या जप्तीतली उणीव कशी प्रामाणिकपणे मान्य करूनही दोष सिद्ध केला होता. दोषाबद्दल आजही त्यांच्या मनात शंका नव्हती. सोनसायनेच केलं होतं. मग शिक्षेचा भाग आला. १९८०च्या पाच न्यायमूर्तींच्या निकालाचा उतारा होता: जन्मठेप हा नियम, फाशी हा अपवाद, आणि अपवाद तेव्हाच जेव्हा दुसरा पर्याय निर्विवादपणे बंद झालेला असेल. मग १९८३च्या पाच कसोट्या: खून कसा केला, का केला, समाजाला किती घृणा वाटेल, किती माणसं मारली, मेलेला कोण होता. नंतरची सगळी वाक्यं त्याच पाच कसोट्यांभोवती फिरत होती. गुन्हा, गुन्हा आणि गुन्हा. गुन्हेगार आला तो एकदाच, परिच्छेद एकसष्टमध्ये.

'आरोपी सुमारे पंचेचाळीस वर्षांचा, परिपक्व वयाचा, विवाहित असून त्यास दोन मुली आहेत. यापूर्वी त्यास गंभीर दुखापतीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे. तरीही तो सुधारला नाही. त्याच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेश दिसत नाही. सबब सुधारणेची शक्यता या न्यायालयास आढळत नाही.'

शैलबालांनी फऱ्याचा तुकडा बशीत ठेवला. मग पहिलं पान काढलं. आरोपी : सोनसाय मरकाम, वय बावीस, अविवाहित. पूर्वीची शिक्षा : नाही.

त्यांनी परिच्छेद पुन्हा वाचला. मग आणखी एकदा. शब्द त्यांचेच होते, 'लवलेश' हा तर त्यांचा लाडका शब्द, पण माणूस दुसराच होता.

कसं झालं ते समजायला त्यांना पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत, कारण खालच्या कोर्टात बारा वर्षं त्या तशाच जगल्या होत्या. प्रत्येक न्यायाधीशाला महिन्याला ठरावीक युनिटं भरावी लागतात. खुनाच्या खटल्याला इतकी, चेकच्या खटल्याला तितकी. युनिटं भरली नाहीत तर गोपनीय शेऱ्यात 'सर्वसाधारण' येतं आणि बढती पुढच्या वर्षावर जाते. म्हणून सगळेच न्यायाधीश परिच्छेदांचे साचे ठेवतात. जामिनाचा साचा, मृत्युपूर्व जबाबाचा साचा, शिक्षेचा साचा. नवा खटला आला की जुन्याची फाईल उघडायची, नावं बदलायची, वाक्यं जागच्या जागी बसवायची. हा आळस नव्हे, असं त्या स्वतःला सांगत असत. पोळपाट-लाटणं तेच असतं, पोळी रोज नवी असते. त्या दिवशी पोळीसुद्धा कालचीच वाढली होती, आणि त्यांना ते कळलंही नव्हतं. बदलीचा आदेश हातात पडला होता, महिना संपत आला होता. सकाळी साडेअकराला दोषी ठरवलं आणि दुपारी तीनला शिक्षा सुनावली. मधल्या वेळात डबाही खाल्ला असेल.

त्यांना रडू आलं नाही. लाज वाटली, सरळ आणि शुद्ध लाज, शाळेत चोरी पकडल्यावर वाटते तशी. साठीच्या उंबरठ्यावर असं वाटणं फार अवघड जातं.

सोमवारी सकाळी अकराच्या आत त्या पाणिग्रहींच्या दालनात होत्या. पाणिग्रहींना त्या भैया म्हणत. ते त्यांना दीदी म्हणत, वयाने मोठे असूनही, कारण त्यांच्या मते हायकोर्टात चिडायचा हक्क फक्त दीदीलाच असतो.

"वाचलं?" शैलबालांनी झेरॉक्स पुढे सरकवली.

पाणिग्रहींनी वाचलं. मग स्वतःच्या जुन्या पुष्टीच्या निकालाचं पान काढलं आणि त्यावर बोट ठेवलं. 'सत्र न्यायाधीशांनी परिच्छेद ६१ मध्ये आरोपीच्या पूर्वशिक्षेची यथायोग्य दखल घेतली आहे.'

"यथायोग्य," ते म्हणाले. "अरे वा. हा माझाच शब्द. मुख्य निकाल दुसऱ्या न्यायमूर्तींचा होता, पण हे वाक्य मी घातलं होतं, आठवतंय. वाटलं, जरा भर पडेल."

"भैया, हसू नका."

"हसत नाहीये. माझा चेहराच तसा आहे." त्यांनी चहा मागवला. "हे बघ दीदी, आपल्यापुढे सोनसाय नाही. आपल्यापुढे बिसाहू आहे. एक ओळ लिही: प्रत्येक प्रकरण आपापल्या तथ्यांवर ठरतं, सबब तो निकाल इथे लागू नाही. झालं. दुबे खूश नाही, पण गप्प. आपण मोकळे."

"कुठलं तथ्य वेगळं आहे?"

"काहीतरी असेलच."

"सांगा ना एक." त्या ऐकेनात. "रविवारभर मी दोन कागद समोर घेऊन बसले होते. डावीकडे गुन्हा वाढवणारं, उजवीकडे शिक्षा कमी करणारं. दोघांचं डावं सारखं. तीन जीव, रात्रीची वेळ, भरवसा तोडला. उजवीकडे बिसाहूचं पान भरलंय, सोनसायचं कोरं. का कोरं? त्याच्यात चांगलं काही नव्हतं म्हणून नाही. कोणी विचारलंच नाही म्हणून. बिसाहू २०२२ नंतर सापडला, सोनसाय आधी. एवढाच फरक. एकाला जगायला कारण काय, तर तारीख!"

पाणिग्रही खिडकीबाहेर बघत होते. खाली वकिलांच्या टपरीवर भजी तळली जात होती.

"नवीन काय आहे त्यात," ते म्हणाले. "मी वकिली करत होतो तेव्हापासून एक उदाहरण सांगत आलोय. एका गुन्ह्यात तिघांना फाशी झाली होती, चार जणांच्या खुनात. तिघांचे अर्ज दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात तीन वेगवेगळ्या वेळी गेले. एकाचा फेटाळला, तो १९८१ साली फासावर गेला. दुसऱ्याची जन्मठेप झाली. तिसऱ्याला लटकवायची वेळ आली तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं की अरे, याच्यासारख्याच दुसऱ्याला आपणच सोडलंय. तो वाचला. कायदा एक, गुन्हा एक, फक्त समोरचे न्यायमूर्ती वेगळे. कोर्टाने स्वतःच नंतर निकालात लिहिलंय की या कसोट्या न्यायाधीशागणिक बदलतात. आपण दोघं काय जग सुधारणार?"

"जग नको. परिच्छेद एकसष्ट सुधारूया."

"आपल्याला अधिकार आहे का? तो निकाल संपलाय. आपण आपल्याच पुष्टीवर अपील ऐकू शकत नाही."

"बदलायचा नाहीच. लिहायचं फक्त. दुबेंनी तो निकाल आधार म्हणून पुढे केला, तेव्हा तो आधार का धरता येत नाही हे सांगणं माझं कामच आहे. का धरता येत नाही? तर त्यातला माणूस तो माणूसच नाही. हे मी सोडून कोण सांगणार? सर्वोच्च न्यायालयाने आता म्हटलंय ना, शिक्षेच्या वेळी इतकी उघड चूक झाली असेल तर फाशीचा प्रश्न पुन्हा ऐकता येतो. पण ऐकायला चूक कुठेतरी कागदावर दिसायला हवी. नाहीतर दयेचा अर्ज फेटाळला जाईल, आणि एका सकाळी तो गेला म्हणून पेपरात वाचू."

"आणि तुझ्या नावाचं काय? दीदी, मुख्य न्यायमूर्तीपदासाठी तुझं नाव वर गेलंय हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. उद्या प्रत्येक वकील तुझे जुने निकाल उघडून साचे शोधत बसेल."

"शोधू देत. मीही शोधतेय."

चहा आला. पाणिग्रहींनी बशीत ओतून घेतला, फुंकला. "फाशीवर सही करून लेखणी एकदा मोडली की मोडली, असं आमचे गुरुजी म्हणायचे."

"मी बॉलपेनने सही केली होती, भैया. ते मोडतच नाही."

या वेळी ते खरंच हसले, पण हो म्हणाले नाहीत. "मसुदा आण, मग बघू," एवढंच म्हणाले. शैलबालांना माहीत होतं, दोघांच्या सह्यांशिवाय खंडपीठाचा निकाल निघत नाही. मतभेद झाला तर तिसऱ्या न्यायमूर्तीकडे जाईल, महिने जातील, आणि राष्ट्रपतींच्या टेबलावरची फाईल तोवर थांबेलच याचा भरवसा नव्हता.

भोथीडीहचा अभिलेख गुरुवारी आला, लाल कापडात बांधलेला, कडेला वाळवीने चाटलेला. खाजगी सचिव तोरणलाल देवांगन यांनी तो टेबलावर ठेवला. तोरणलाल तीस वर्षं श्रुतलेखन घेत आले होते, आणि न्यायमूर्तींनी चुकीचा शब्द सांगितला तर ते लिहिण्याआधी अर्धा क्षण थांबत. त्यांची तक्रार करायची एवढीच रीत होती.

"तोरणजी, परिच्छेद एकसष्ट खरा कोणाचा, ते सापडेल?"

"सापडलं मॅडम. माझ्या मेहुण्याने काढून दिलं, तिथल्याच कोर्टात नाझर आहे तो." त्यांनी दुसरी झेरॉक्स पुढे केली. "२०१५. बुधारू कंवर. वय पंचेचाळीस. दोन मुली. आधी शिक्षा. आपणच दिला होता निकाल."

"काय दिली होती?"

तोरणलाल अर्धा क्षण थांबले. "जन्मठेप, मॅडम."

शैलबालांनी कागद ओढून घेतला. शब्दन् शब्द तोच होता. फक्त शेवटी साच्यात नसलेली एक ओळ होती: 'तथापि दोन अजाण मुलींचा विचार करता हे न्यायालय मृत्युदंडापासून स्वतःस आवरते.' सोनसायच्या वेळी ती ओळ गळली होती आणि बाकीचं राहिलं होतं. ज्याच्याबद्दल प्रत्येक शब्द खरा होता तो बुधारू त्याच मध्यवर्ती तुरुंगात भात शिजवत होता. ज्याच्याबद्दल एकही शब्द खरा नव्हता, तो सोनसाय फाशीच्या बराकीत त्याचाच भात खात होता.

तोरणलालनी पंखा बंद केला. कागद उडत होते असं काही नव्हतं, पण काहीतरी करायला हवं होतं.

मग शैलबालांनी सोनसायच्या खटल्याचा रोजनामा उघडला. रोजनामा न्यायाधीश स्वतः हाताने लिहितात, तिथे साचा नसतो. शिक्षेच्या दिवसाच्या पानावर त्यांचं घाईचं, उजवीकडे झुकलेलं अक्षर होतं. 'आरोपीच्या वकिलांना शिक्षेच्या मुद्द्यावर ऐकले. ते म्हणतात, आरोपी गरीब आहे, दया करावी.' त्याच्याखाली: 'आरोपीस स्वतः काही सांगायचे आहे का विचारले.' आणि त्याच्याखाली उत्तर. तीन ओळी. हे उत्तर आपण ऐकलं होतं, लिहून घेतलं होतं, आणि तासाभरात 'पश्चात्तापाचा लवलेश नाही' यावर सही केली होती. आज त्यांना त्या मुलाचा चेहरासुद्धा आठवत नव्हता. फार प्रयत्न केला तेव्हा निळा सदरा आठवला, तोही कदाचित दुसऱ्या कोणाचा असेल.

"घ्या तोरणजी," त्या म्हणाल्या.

बिसाहूचा भाग भराभर झाला. गुन्हा अत्यंत क्रूर आहे, यात वाद नाही. पण क्रौर्य हे पहिलं पाऊल आहे, शेवटचं नव्हे. हा माणूस सुधारणारच नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, आणि सरकारने त्यासाठी एकही कागद आणला नाही. तिन्ही अहवाल उलट सांगतात. फाशी रद्द. पंचवीस वर्षं सूट नसलेली जन्मठेप. मग दुबेंचा मुद्दा आला आणि शैलबालांचा आवाज अगदी साधा झाला, वाण्याला यादी सांगतात तसा.

"सरकारने सोनसाय मरकामचा निकाल समोर ठेवला आहे. तो निकाल मी लिहिला. त्यातील परिच्छेद एकसष्ट सोनसायबद्दल नाही. तो बुधारू कंवर नावाच्या दुसऱ्या आरोपीबद्दल आहे, ज्यास मी जन्मठेप दिली होती. चूक टंकलेखकाची नाही. साचा माझा होता आणि सही माझी आहे. सोनसाय तेव्हा बावीस वर्षांचा, अविवाहित आणि पूर्वशिक्षा नसलेला होता. त्याच्याविषयी एकही अहवाल मागवला गेला नाही. दोष आणि शिक्षा यांच्यात साडेतीन तासांचे अंतर होते." त्या थांबल्या. "पुढे लिहा. त्यास पश्चात्ताप नाही असे मी लिहिले. त्याच दिवशी माझ्याच हस्ताक्षरातील रोजनाम्यात त्याचे म्हणणे असे नोंदलेले आहे."

आणि त्यांनी त्या तीन ओळी वाचून दाखवल्या.

"'मी केलं. आजीला मारायला नको होतं. ती मला आधी वाढायची, मग स्वतः जेवायची.'"

तोरणलाल थांबले. अर्धा क्षण नाही, चांगला मिनिटभर. शब्द चुकीचा नव्हता.

"या निकालाची प्रत कोणाकोणाला, मॅडम?"

"मध्यवर्ती तुरुंगाच्या अधीक्षकांना, सोनसायला वाचून दाखवण्यासाठी. विधी सेवा प्राधिकरणाला. आणि गृहमंत्रालयाला, दयेच्या अर्जासोबत ठेवण्यासाठी."

मसुदा पाणिग्रहींकडे गेला तो शुक्रवारी सकाळी. दिवसभर काही निरोप आला नाही. शनिवारी आला नाही. सोमवारी त्यांच्या शिपायाने बंद लखोटा आणून दिला, तेव्हा शैलबालांना वाटलं, झालं, भिन्न मत आलं, आता तिसरे न्यायमूर्ती. त्यांनी लखोटा उभ्याउभ्याच फाडला.

मसुद्याच्या एकाही शब्दाला हात लावलेला नव्हता. प्रत्येक पानावर पाणिग्रहींची छोटी सही होती. शेवटच्या पानाखाली त्यांनी शाईच्या पेनने स्वतःच्या हाताने चार वाक्यं लिहिली होती:

'मी पूर्णतः सहमत आहे. सोनसाय मरकामच्या मृत्युदंडास पुष्टी देणाऱ्या खंडपीठात मी होतो. परिच्छेद एकसष्ट मी यथायोग्य ठरवला. त्याचे वय पहिल्या पानावर लिहिलेले होते, आणि ते मी पाहिले नाही.'